हवेचा एक झोत आणि डोळ्यातील दाब

चष्म्याचा नंबर तपासायला गेल्यावर तुमच्यापैकी काहींनी हा अनुभव घेतला असेल. हनुवटी एका पट्टीवर टेकवायची, कपाळ पुढे लावायचे आणि समोरच्या बारीकशा दिव्याकडे पाहत राहायचे. इतक्यात 'फुस्स' असा आवाज होतो, डोळ्यावर हवेचा झोत येतो आणि आपण दचकून मागे सरकतो. तेवढ्यात यंत्राच्या कागदावर आकडा छापलेलाही असतो. उजवा १६, डावा १७. हे यंत्र डोळ्याला न शिवता आतला दाब कसा मोजते? आणि त्या आकड्यावरून काय समजते, काय समजत नाही? ते आज पाहू.

डोळ्यात दाब कशासाठी?

फुटबॉलमध्ये हवा भरली नाही तर तो गोल राहत नाही. डोळ्याचेही तसेच आहे. मात्र तेथे हवेऐवजी द्रव असतो. बुबुळाच्या मागे असलेल्या एका स्नायुमय वलयातून पाण्यासारखा स्वच्छ द्रव सतत पाझरतो. त्याला नेत्रजल म्हणू. (हे म्हणजे अश्रू नव्हेत, अश्रू डोळ्याच्या बाहेर असतात.) नेत्रजल दर मिनिटाला जेमतेम २ ते २.५ घन मिलिमीटर तयार होते, म्हणजे औषधाचा एक थेंब भरायला वीसेक मिनिटे लागतील. हे पाणी बाहुलीतून पुढे येते आणि डोळ्याचा पारदर्शक पडदा, म्हणजे पारपटल, जेथे बुबुळाला मिळते त्या कोपऱ्यातील बारीक जाळीतून झिरपून रक्तात जाते.

नळ चालू आहे आणि मोरीची जाळीही मोकळी आहे, तोवर पाण्याची पातळी कायम राहते. जाळी तुंबू लागली की पातळी चढते. डोळ्यातही जाळीतून निचरा कमी झाला की दाब वाढतो. बहुतेक निरोगी डोळ्यांत हा दाब वातावरणाच्या दाबापेक्षा १० ते २१ मिलिमीटर पारा इतका जास्त असतो. १५ मिलिमीटर पारा म्हणजे सुमारे २० सेंटीमीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब. एवढा दाब डोळा गोल ठेवायला पुरतो.

दाब मोजायचा कसा?

फुगा किती फुगला आहे हे आपण बोटाने दाबून पाहतो. फार फुगलेला फुगा सपाट करायला जास्त जोर लागतो. हेच तत्त्व स्वित्झर्लंडमधील बर्न येथील हान्स गोल्डमान यांनी १९५० च्या दशकात आपल्या दाबमापकासाठी वापरले. डोळ्यात बधिर करणारा थेंब टाकून ते पारपटलाला एक छोटा काचेसारखा शंकू टेकवीत आणि ३.०६ मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ सपाट व्हायला किती जोर लागतो ते पाहत. हा विचित्र व्यास का? एक कारण असे की त्या आकाराला पारपटलाचा ताठपणा आणि अश्रूंची ओढ या दोन गोष्टी एकमेकींना जवळजवळ रद्द करतात. दुसरे कारण तुम्हीच हिशेब करून पाहा. या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ७.३५ चौरस मिलिमीटर भरते. त्यावर १ ग्रॅम वजनाचा, म्हणजे ०.००९८ न्यूटनचा जोर लावला तर दाब येतो सुमारे १३३३ पास्कल. आणि तो बरोबर १० मिलिमीटर पारा इतका असतो. म्हणजे १.६ ग्रॅम जोर लागला की दाब १६. किती सोपे!

पण डोळ्याला काही टेकवायचे म्हटले की थेंब हवा, स्वच्छता हवी, सराव झालेला हात हवा. अमेरिकेत बर्नार्ड ग्रोलमन यांनी १९७२ साली शंकूच्या जागी हवा वापरणारे यंत्र लोकांसमोर मांडले. तुम्हाला दचकवणारे यंत्र ते हेच.

यंत्राच्या नळीचे तोंड डोळ्यापासून सुमारे एक सेंटीमीटरवर असते. आतला दट्ट्या हवा पुढे ढकलतो आणि झोताचा जोर क्षणाक्षणाला वाढत जातो. त्याच वेळी एका बाजूने अवरक्त किरणांची शलाका पारपटलावर तिरपी पडते आणि दुसऱ्या बाजूला एक प्रकाशग्राही तिची वाट पाहत असतो. चमच्याची फुगीर बाजू उन्हात धरलीत तर कवडसा पसरट पडतो. सपाट आरसा धरलात तर तो लख्ख पडतो. पारपटल एरवी चमच्यासारखे फुगीर असते, म्हणून किरण विखुरतात. झोताने ते क्षणभर सपाट होते, आरशासारखे वागते आणि प्रकाशग्राहीवर सर्वांत जास्त प्रकाश पडतो. त्या नेमक्या क्षणी हवेचा जोर किती होता यावरून डोळ्यातील दाब काढला जातो. हे सारे काही सहस्रांश सेकंदांत उरकते. पापणी मिटायला सेकंदाचा सुमारे दहावा भाग लागतो, म्हणून तुम्ही दचकण्यापूर्वीच मोजणी झालेली असते.

तीन वेळा झोत का?

'एकदा झाले की, पुन्हा का?' असे तुम्हाला वाटले असेल. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर डोळ्यात रक्त येते आणि दाब दोन-तीन मिलिमीटर वरखाली होतो. झोत ठोक्याच्या कोणत्या क्षणी पडला हे यंत्राला सांगता येत नाही. म्हणून तीन मोजण्या घेऊन सरासरी काढतात. घाबरून डोळा गच्च मिटला, श्वास रोखला किंवा गळ्याशी कॉलर घट्ट असली तरी आकडा फुगतो. १५, १६, २४ असे आकडे आले तर तिसऱ्यावर विश्वास न ठेवता पुन्हा मोजावे हे उत्तम.

दुसरी अडचण पारपटलाची. त्याची मध्यभागी जाडी सरासरी ०.५४ मिलिमीटर असते, पण माणसामाणसांत फरक पडतो. जाड पडदा वाकवायला जास्त जोर लागतो, म्हणून आकडा खऱ्यापेक्षा मोठा येतो. पातळ पडदा सहज वाकतो, म्हणून आकडा लहान येतो. गोल्डमान यांच्या यंत्रालाही हा दोष चुकत नाही. आकडा जास्त आला की डॉक्टर बहुधा गोल्डमान पद्धतीने पुन्हा मोजतात आणि पारपटलाची जाडीही पाहतात.

आकडा म्हणजे रोग नव्हे

आता मुख्य मुद्दा. ही तपासणी ज्या रोगासाठी करतात तो काचबिंदू. मोतीबिंदूत डोळ्याचे भिंग गढूळ होते. ते काढून दुसरे बसवता येते. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस, म्हणजे दृक्‌चेता, हळूहळू मरते. तिचे मेलेले तंतू पुन्हा उगवत नाहीत.

मग दाब २१ च्या वर म्हणजे काचबिंदू आणि खाली म्हणजे नाही, असे म्हणावे का? अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात झालेल्या आणि १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे आढळले, की काचबिंदू झालेल्या डोळ्यांपैकी निम्म्याहून अधिक डोळ्यांत एका वेळच्या मोजणीत दाब २२ च्या खालीच होता.

याचा अर्थ एका उदाहरणाने पाहू. हिशेबासाठी धरू की चाळिशी ओलांडलेल्या १००० लोकांत २० जणांना काचबिंदू आहे. त्यांपैकी १० जणांचा दाब २१ च्या वर निघतो. उरलेले ९८० निरोगी. पण त्यांतही ८० जणांचा दाब २१ च्या वर असू शकतो. नुसत्या आकड्यावर निवड केली तर ९० जणांना बाजूला काढाल. त्यांतील ८० जणांना रोग नाही आणि रोग असलेले १० जण 'दाब ठीक आहे' असे ऐकून घरी गेले! शेवटचे हे दहा जणच खऱ्या धोक्यात असतात.

म्हणून नस प्रत्यक्ष पाहावी लागते. ती डोळ्यातून बाहेर पडते त्या जागी एक गोल चकती दिसते आणि चकतीच्या मध्यावर एक खळगा असतो. तंतू मरू लागले की खळगा रुंदावतो. चकतीच्या व्यासाच्या किती भाग खळग्याने व्यापला आहे, हे डॉक्टर ०.३, ०.४ असे लिहितात.

रोग्याला कळत का नाही?

हा प्रयोग करा. कोऱ्या कागदावर डावीकडे एक फुली काढा आणि तिच्या उजवीकडे ८ सेंटीमीटरवर एक ठळक ठिपका. डावा डोळा झाका, उजव्या डोळ्याने फुलीकडेच पाहत कागद सावकाश जवळ-दूर करा. साधारण ३० सेंटीमीटरवर ठिपका नाहीसा होतो. ठिपक्याची प्रतिमा तेव्हा नेमकी त्या चकतीवर पडते आणि तेथे दृष्टिपटलाच्या पेशीच नाहीत. पण त्या जागी तुम्हाला काळे भोक दिसले का? नाही, कोरा कागदच दिसला. उणीव भासू नये म्हणून मेंदू आजूबाजूचे रंग तेथे भरतो.

काचबिंदूत अशाच उणिवा वाढत जातात. त्या बहुधा मध्यापासून दूर सुरू होतात आणि एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा भरून काढतो. वाचता येते, टीव्ही दिसतो, दुखत नाही. पायरी चुकू लागते तेव्हा पुष्कळ तंतू गेलेले असतात.

आता समजा, ४७ वर्षांचे एक गृहस्थ जवळचा चष्मा करायला आले. झोताचे आकडे १७, १९, १८, सरासरी १८. नुसते एवढेच पाहिले असते तर चष्मा घेऊन ते गेले असते. पण डॉक्टरांनी विचारले, 'घरात कोणाला काचबिंदू?' 'आईला होता.' सख्ख्या नात्यात रोग असला की धोका कितीतरी वाढतो. थेंब टाकून, बाहुली मोठी करून पाहिले तर उजव्या डोळ्याचा खळगा ०.४ आणि डाव्याचा ०.७. दोन डोळ्यांत इतका फरक संशयास्पद. पारपटलाची जाडी ०.४९ निघाली, म्हणजे खरा दाब १८ पेक्षा जास्त असू शकतो. मग दृष्टिक्षेत्राची तपासणी झाली. मध्ये टक लावून पाहायचे आणि कडेला बारीक ठिणगी दिसली की बटण दाबायचे. डाव्या डोळ्याने वरच्या भागातील कमानीएवढ्या जागेत ठिणग्या पाहिल्याच नाहीत. निदान झाले. रोज रात्री एक थेंब घालायचा आणि दाब १२-१३ वर आणून ठेवायचा, असे ठरले. गेलेली कमान परत येणार नाही. पण उरलेली नजर टिकवण्याची चांगली संधी त्यांना मिळाली.

तेव्हा घरातील मोठ्या माणसांनी चाळिशीचा चष्मा करायचे काढले, की त्यांच्याबरोबर जा आणि डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा: 'दाब किती? आणि नस पाहिली का?' तुमच्यासाठीही एक सूचना. डोळे खाजतात म्हणून दुकानातून परस्पर आणलेल्या थेंबांत स्टेरॉइड असू शकते. आठवडेच्या आठवडे ते घातले तर काही मुलांचा नेत्रदाब वाढतो आणि नस जाते. असे थेंब घालत असाल तर ते डॉक्टरांना दाखवा आणि त्याच भेटीत दाबही मोजून घ्या.