खरेदी 42 लाखांची, मग डिस्काउंट 2 लाख 52 हजार की 1 लाख 16 हजार? डीलरच्या करारातली एक ओळ कशी महागात पडते

परभणीच्या मोंढ्यात कीटकनाशकं विकणारा एक डीलर आहे असं समजा. खरिपात कापूस आणि सोयाबीनवर फवारणी सुरू झाली की त्याच्या दुकानात उभं राहायला जागा नसते. पण बाटलीमागे त्याला सुटणारे पैसे फार नसतात. शेजारच्या कृषी सेवा केंद्राने भाव पाडला की यालाही पाडावा लागतो. तो कधीकधी अगदी बिलाच्या किमतीच्या आसपास माल सोडतो, कारण कंपनीने सांगितलेलं असतं, "वर्षाचं टार्गेट पूर्ण करा, स्कीम मिळेल."

म्हणजे त्याचा खरा नफा दुकानाच्या गल्ल्यात नसतो. तो वर्ष संपल्यावर येणाऱ्या क्रेडिट नोटमध्ये असतो. आणि नेमका तिथेच वाद होतो.

स्कीममध्ये काय लिहिलेलं असतं?

आपल्या उदाहरणातला करार असा आहे : "वार्षिक खरेदी 20 लाखांपर्यंत 2 टक्के, 20 ते 40 लाख 4 टक्के, 40 लाखांच्या वर 6 टक्के डिस्काउंट." एवढंच.

वाचायला सोपं आहे. डीलरने वर्षभरात, जीएसटी सोडून, 42 लाखांची बिलं घेतली. तो हिशोब करतो, 42 लाखांवर 6 टक्के म्हणजे 2 लाख 52 हजार. एप्रिल-मेमध्ये कंपनीचं स्टेटमेंट येतं आणि त्यात आकडा असतो 1 लाख 16 हजार. दोघंही तीच ओळ वाचत आहेत. मग 1 लाख 36 हजार गेले कुठे?

पहिला घोळ : दर नेमका कशावर?

डीलरने गृहीत धरलं की 40 लाखांची रेषा ओलांडली की वाढीव दर पहिल्या रुपयापासून लागू होतो, म्हणजे आधीच्या सगळ्या खरेदीवर मागे जाऊन 6 टक्के मिळतात.

कंपनी म्हणते, प्रत्येक टप्प्याला त्याचाच दर. इन्कम टॅक्सचे स्लॅब चालतात तसं. पहिल्या 20 लाखांवर 2 टक्के म्हणजे 40 हजार, पुढच्या 20 लाखांवर 4 टक्के म्हणजे 80 हजार आणि वरच्या फक्त 2 लाखांवर 6 टक्के म्हणजे 12 हजार. एकूण 1 लाख 32 हजार.

करारात "संपूर्ण खरेदीवर" किंवा "फक्त त्या टप्प्यातल्या रकमेवर" यापैकी काहीच लिहिलेलं नाही. त्यामुळे दोन्ही अर्थ निघतात, आणि या एका गोष्टीवर 1 लाख 20 हजारांचा फरक पडतो.

पहिल्या रुपयापासून लागू होणाऱ्या दराची आणखी एक बाजू आहे. खरेदी 40 लाखांच्या जरा आत राहिली तर 4 टक्क्यांनी सुमारे 1 लाख 60 हजार मिळतात. रेषा पार झाली की 6 टक्क्यांनी 2 लाख 40 हजार. म्हणजे शेवटच्या एखाद्या पेटीवर 80 हजार रुपये अवलंबून असतात. म्हणून मार्चमध्ये, शेतात फारशी मागणी नसताना, डीलर माल उचलतो. तो गोडाऊनमध्ये पडून राहतो, आणि कीटकनाशकाला एक्स्पायरी डेट असते.

दुसरा घोळ : परत केलेला माल कुठे मोजायचा?

आता 1 लाख 32 हजारांचे 1 लाख 16 हजार कसे झाले ते पाहू. पावसाने दडी मारली, फवारण्या कमी झाल्या आणि डीलरने ऑक्टोबरमध्ये 3 लाखांचा माल परत पाठवला. कंपनीने तो वजा केला. निव्वळ खरेदी उरली 39 लाख. 40 लाखांची रेषा गेली, हिशोब झाला 40 हजार अधिक 76 हजार, म्हणजे 1 लाख 16 हजार.

इथे डीलरचं म्हणणं मान्य करून संपूर्ण रकमेवर दर लावला, तरी 39 लाखांवर 4 टक्केच लागतात : 1 लाख 56 हजार. "खरेदी" म्हणजे बिलांची बेरीज की परतावा वजा जाऊन उरलेली रक्कम, हे करारात नव्हतं.

आणि तोच माल ऑक्टोबरऐवजी एप्रिलमध्ये परत गेला असता तर? मग तो गेल्या वर्षातून वजा करायचा की नव्या वर्षातून? गेल्या वर्षातून केला, तर दिलेला डिस्काउंट कंपनी परत मागू शकते.

तिसरा घोळ : वर्ष कोणतं आणि तारीख कशाची?

"वार्षिक" म्हणजे एप्रिल ते मार्च, जानेवारी ते डिसेंबर की खरीप-रब्बीचा हंगाम? समजा अडीच लाखांचं बिल 29 मार्चचं आहे आणि ट्रक परभणीत पोहोचला 3 एप्रिलला. बिलाची तारीख धरली तर ही खरेदी या वर्षात, माल मिळाल्याची धरली तर पुढच्या. हे बिल बाहेर गेलं तर 42 लाखांचे साडेएकोणचाळीस होतात.

जीएसटीचंही तसंच. कीटकनाशकांवर 18 टक्के जीएसटी धरला, तर करासह 42 लाखांची खरेदी करं सोडून साधारण 35 लाख 59 हजारांचीच भरते. टार्गेट करासह की करं सोडून, हे आधी विचारायलाच हवं.

कायदा काय म्हणतो?

सीजीएसटी कायदा, 2017च्या कलम 15(3) मध्ये, माल विकल्यानंतर दिलेला डिस्काउंट करपात्र किमतीतून वजा करायला अटी घातल्या होत्या : तो आधीच्या करारात ठरलेला असावा, ठरावीक बिलांशी जोडता यावा आणि डीलरने तेवढं इनपुट टॅक्स क्रेडिट परत करावं. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी परिषदेने आधीच्या कराराची अट काढण्याची शिफारस केली. पण कर विभागाला कागद लागो न लागो, कंपनीशी वाद झाला तर डीलरला तो लागतोच.

दुसरी गोष्ट मुदतीची. कलम 34 नुसार जीएसटी कमी करणारी क्रेडिट नोट आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या 30 नोव्हेंबरपर्यंत (किंवा वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं तर तोपर्यंत) दाखवता येते. हिशोबाचा वाद त्यापुढे लांबला, तर कंपनी जीएसटीशिवाय साधी क्रेडिट नोट देऊ शकते, पण त्या डिस्काउंटवरचा कर तिला कमी करता येत नाही. म्हणजे उशीर कंपनीलाही महागात पडतो. डीलरने मे महिन्यातच लेखी हिशोब मागण्यासाठी हा चांगला मुद्दा आहे.

मग डीलरने काय पाहावं?

वर्षाच्या शेवटी कंपनी बॅलन्स कन्फर्मेशनचं पत्र पाठवते आणि घाईत त्यावर सही होते. स्कीमचे पैसे बाकी असतील तर सहीआधी तिथेच लिहावं : "अमुक वर्षाचा डिस्काउंट येणे बाकी." नाहीतर तुम्ही सही करून हिशोब मान्य केलात, असं पुढे म्हटलं जातं. थकलेल्या पैशांसाठी दावा करायला साधारण 3 वर्षांचीच मुदत असते, तीही विसरू नये.

पण सगळ्यात स्वस्त उपाय हंगामाआधीचा आहे. कंपनीच्या प्रतिनिधीने तोंडी सांगितलेली स्कीम कंपनीच्या ई-मेलवर मागवायची आणि त्यात हे असायला हवं : "1 एप्रिल ते 31 मार्च या काळात बिलाची तारीख असलेली, जीएसटी सोडून आणि 31 मार्चपर्यंतचा परतावा वजा करून उरलेली खरेदी धरली जाईल. जो टप्पा गाठला जाईल त्याचा दर संपूर्ण खरेदीवर लागू होईल."

कंपनी शेवटचं वाक्य मान्य करणार नाही, असंही होईल. हरकत नाही. मग डीलरला जूनमध्येच कळेल की त्याला 2 लाख 52 हजार मिळणार नाहीत, आणि बाटलीचा भाव किती पाडायचा हे तो त्या हिशोबाने ठरवेल.