पाळण्याच्या खोलीतला मुका राखणदार

तान्ह्या बाळाच्या खोलीत ठेवायची यंत्रं आता बाजारात सहज मिळतात. ती खोलीचं तापमान दाखवतात, हवेतला दमटपणा दाखवतात, आवाज मोजतात. पण आकडा ठरलेल्या मर्यादेच्या बाहेर गेला की कित्येक यंत्रं तिथल्या तिथे टूं-टूं करू लागतात आणि नुकतंच झोपलेलं बाळ दचकून उठतं. आपल्याकडे बाळ बहुधा आईबाबांच्याच खोलीत झोपतं. पहिले सहा महिने तरी त्याने तिथेच, पण वेगळ्या पाळण्यात झोपावं, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते. म्हणजे एकाच खोलीत बाळाला झोपू द्यायचं आणि मोठ्या माणसाला मात्र जागं करायचं, असं हे काम आहे.

ते नीट करणारं यंत्र घरी बनवता येतं, आणि हाताने थोडंफार सोल्डरिंग जमणाऱ्याला ते अवघड नाही. ईएसपी३२ नावाचा वाय-फाय असलेला छोटा बोर्ड, तापमान आणि दमटपणा मोजणारा एसएचटी३१ सेन्सर, एक डिजिटल मायक्रोफोन आणि मोबाइलमध्ये असते तशी नाण्याएवढी कंपन करणारी मोटर, एवढंच सामान लागतं. खरं डोकं लागतं ते यंत्राने कधी गप्प बसायचं हे ठरवताना. आणि ते ठरवायचं तर या तीन गोष्टी तीन वेगवेगळ्या चालींनी बदलतात, हे आधी ध्यानात घ्यावं लागतं.

पहिलं तापमान. इंटरनेटवर शोधलं की १६ ते २० अंश सेल्सियस हा आकडा हमखास समोर येतो. तो ब्रिटनमधला आहे, तिथल्या घरांसाठी आणि तिथल्या पांघरुणांसाठी. तो वाचून ठाण्या-पुण्यात एसी १८ वर लावणं चूक आहे. जागतिक आरोग्य संघटना तर बाळंतपणाची खोली किमान २५ अंशांवर ठेवायला सांगते. आपल्याकडचे डॉक्टर साधारणपणे २४ ते २६ च्या आसपासचं तापमान सुचवतात, आणि निरोगी, पुऱ्या दिवसांच्या बाळाला ते मानवतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी मात्र आपल्या डॉक्टरांनाच विचारायचं. बाळाला गार लागेल या काळजीपोटी कुंची, झबलं आणि वर दोन दुपटी घालणाऱ्या आजीची माया खरीच असते. पण झोपेत बाळ फार तापणं हा पाळण्यातल्या आकस्मिक मृत्यूंमागचा एक ओळखलेला धोका आहे, म्हणून वरची मर्यादा खालच्या मर्यादेइतकीच महत्त्वाची.

इथे पहिली गफलत होते ती यंत्राच्या स्वतःच्या उष्णतेने. वाय-फाय चालू असलेला बोर्ड तापतो, आणि सेन्सर त्याच डबीत शेजारी बसवला तर तो खोलीचं नव्हे, डबीचं तापमान मोजतो. आकडा दोन-तीन अंशांनी सहज चढतो. ओळखायचं कसं? यंत्र सुरू करताच दिसणारा आकडा आणि अर्ध्या तासानंतरचा आकडा ताडून पाहायचा. खोलीत काहीच बदललं नसताना तो चढत गेला असेल, तर सेन्सर वायरने वीतभर लांब, डबीच्या बाहेर आणायचा. तो पाळण्यातल्या गादीच्या उंचीवर हवा. एसीच्या झोतात, उन्हाच्या खिडकीत किंवा बाहेरच्या भिंतीला टेकलेला नको. कोणतीही वायर पाळण्यापासून निदान तीन फूट दूर ठेवायची. मॉनिटरच्या वायरीचा गळ्याला फास बसून परदेशात बाळं दगावली आहेत, त्यामुळे या नियमात तडजोड नाही.

तापमान हळू बदलतं, म्हणून इशाराही सावकाश द्यायला हरकत नाही. २८ च्या वर गेलेला आकडा सलग दहा मिनिटं तिथेच राहिला, तरच इशारा. आणि इशारा बंद व्हायचा तो २८ ला नव्हे, २७ ला. हा एका अंशाचा फरक ठेवला नाही तर आकडा २७.९ आणि २८.१ यांच्यात रेंगाळत राहतो आणि आईची उशी रात्रभर थरथरत राहते. दोन रात्रींत ती यंत्र बंद करून टाकेल, आणि तिचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही.

दमटपणाची गोष्ट याहून मजेदार आहे. पावसाळ्यात एसी लावून झोपणाऱ्या घरात रात्रीचा आलेख पाहिला तर करवतीच्या दात्यांसारखी रेघ दिसते. त्यामागे भूत नाही, एसीचं काम करणंच तसं असतं. कॉम्प्रेसर चालू असताना थंड कॉइलवर हवेतलं पाणी जमतं आणि खोली कोरडी होत जाते. खोली हवी तेवढी गार झाली की कॉम्प्रेसर थांबतो, पण पंखा फिरत राहतो आणि कॉइलवरचं तेच पाणी वाळून परत खोलीत येतं. समजा, ५८ टक्क्यांवर आलेला दमटपणा दहा मिनिटांत ६८ वर गेला. इशाऱ्याची मर्यादा ६५ ठेवली असेल, तर कॉम्प्रेसरच्या प्रत्येक चक्राला एक इशारा. तासाला तीन चक्रं धरली तर आठ तासांत चोवीस वेळा.

माझं मत असं की दमटपणासाठी रात्री कुणालाही उठवूच नये. हवा तासभर ७० टक्के दमट राहिल्याने बाळाचं काही बिघडत नाही. दिवसेंदिवस तशीच राहिली तर भिंतीला बुरशी धरते आणि गादीत धुळीतले सूक्ष्म किडे वाढतात. म्हणून सकाळी एक ओळ पुरे: रात्रीची सरासरी ७१, सलग चौथा दिवस. मग एसीचा ड्राय मोड लावायचा, दिवसा खिडकी उघडायची की कपाट भिंतीपासून सरकवायचं, हे चहा घेताना ठरवता येतं.

दमटपणाचा सेन्सर खरं बोलतो का, हे स्वयंपाकघरातल्या मिठाने तपासता येतं. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्यायचं आणि त्यात थेंब-थेंब पाणी घालून ते ओल्या वाळूसारखं करायचं. विरघळू द्यायचं नाही. झाकण आणि सेन्सर एका घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत रात्रभर ठेवायचे, मिठाचा सेन्सरला स्पर्श होऊ न देता. पिशवीतल्या हवेचा दमटपणा जवळजवळ ७५ टक्क्यांवर स्थिरावतो, कारण ओल्या मिठाचा तो गुणधर्मच आहे. सकाळी सेन्सरने ७३ ते ७७ दाखवलं तर तो ठीक. ८२ दाखवलं तर नोंदीतून सात वजा करायचे, किंवा सेन्सर बदलायचा. स्वस्तातला डीएचटी११ घेतला असेल तर एवढा फरक दिसण्याची शक्यता बरीच. तापमानातही तो दोन अंश इकडेतिकडे होऊ शकतो, म्हणून बाळाच्या खोलीसाठी मी तो घेऊ नये असंच सांगेन.

आता आवाज. आईबाबा त्याच खोलीत असतील, तर रात्री रडण्याचा इशारा निरुपयोगी आहे. यंत्राच्या आधी आईच उठते. तो इशारा दुपारी कामाचा, आई स्वयंपाकघरात किंवा गच्चीवर असते तेव्हा. तिथेही घाई करू नये. नवजात बाळाची जवळजवळ अर्धी झोप चंचल असते. त्या झोपेत ते कण्हतं, तोंड वाकडं करतं, हातपाय झाडतं, क्षणभर रडतंसुद्धा, आणि तसंच पुन्हा झोपतं. पहिल्या कण्हण्याला धावत जाऊन उचललं तर आपणच त्याला उठवतो. म्हणून नियम असा ठेवायचा: मागच्या एका मिनिटात किमान तीस सेकंद आवाज खोलीच्या नेहमीच्या पातळीपेक्षा १५ डेसिबलने वर असेल, तरच कळवायचं. नेहमीची पातळी यंत्राने स्वतःच शिकायची, कारण पंखा एकवर आणि पाचवर असताना ती वेगळी असते. मायक्रोफोनवर थेट वारा आला तर वाराच आवाज म्हणून मोजला जातो. त्याच्यावर स्पंजचा छोटा तुकडा लावला की हे टळतं. आणि ध्वनिमुद्रण कुठेही साठवायचं नाही. दर सेकंदाचा एक आकडा पुरतो, घरातली बोलणी घरातच राहतात.

रात्रीच्या आवाजाची नोंद इशाऱ्यासाठी नसली तरी दुसऱ्या कामाला येते. बाळ रोज पहाटे पाचच्या सुमाराला उठतं, भूक लागलेली नसते, लंगोट कोरडा असतो. आलेख उघडला की पाचला दोन मिनिटं कमी असताना आवाज ४१ वरून ५८ वर गेलेला दिसतो, रोज त्याच वेळी. तो सोसायटीचा पाण्याचा पंप. पाळणा दुसऱ्या भिंतीला नेला की फरक पडतो का, हेही मग आकड्यांत कळतं. तुलनेसाठी सांगायचं, तर नवजात अतिदक्षता कक्षात आवाज ४५ डेसिबलच्या खाली असावा, असं अमेरिकी बालरोगतज्ज्ञांनी १९९७ मध्ये सुचवलं होतं. आपल्या निवासी भागासाठी रात्रीची कायदेशीर मर्यादाही ४५ च आहे. बाहेरचा गोंगाट झाकायला पावसाच्या आवाजाचं यंत्र लावणाऱ्यांनीही मोजून पाहावं. टोरंटोतल्या डॉक्टरांनी अशी १४ यंत्रं तपासून २०१४ मध्ये निष्कर्ष छापले. पूर्ण आवाजात, एका फुटावर त्यांतली तीन ८५ डेसिबलच्या वर गेली होती. असं यंत्र खोलीच्या दुसऱ्या टोकाला आणि हळू आवाजात ठेवावं.

राहिला इशारा पोचवण्याचा प्रश्न. मोबाइल सायलेंटवर ठेवून लाकडी टेबलावर ठेवला तर त्याचा घुर्र आवाज रिंगटोनइतकाच जागवतो. कंपन अंगाला लागलं पाहिजे, फर्निचरला नाही. मनगटावरचं घड्याळ उत्तम, नाहीतर उशीच्या अभ्र्यात ठेवलेली ती छोटी मोटर. प्रकाश लागलाच तर मंद लाल, आणि तोही दाराबाहेर. बोर्डावरचे निळे-पांढरे दिवे चिकटपट्टीने झाकून टाकायचे.

पण मुक्या यंत्राची खरी परीक्षा वीज जाते तेव्हा. मे महिन्यातली रात्र, अडीचची वेळ. एसी बंद पडतो, पंखा बंद पडतो, खिडक्या लावलेल्या, आत तीन माणसं. तापमान २६ वरून चढू लागतं. यंत्र पॉवर बँकेवर असेल तर ते जागं असतं, पण राउटर बंद पडलेला, मोबाइलवर काहीच येत नाही. सगळं शांत, आणि ती शांतता खोटी. म्हणून उशीतल्या मोटरला स्वतःचा एक बोर्ड आणि स्वतःची बॅटरी द्यायची. असे दोन बोर्ड राउटरशिवाय थेट एकमेकांशी बोलू शकतात. पाळण्याजवळचा बोर्ड दर मिनिटाला ‘मी आहे’ एवढाच निरोप पाठवतो. पाच निरोप चुकले की उशीतला बोर्ड आपण होऊन थरथरतो, मग कारण वीज असो, सैल वायर असो की पॉवर बँक. पॉवर बँकेचं मुद्दाम सांगतो: कित्येक पॉवर बँका फार थोडी वीज ओढली जात असेल तर काही जोडलेलंच नाही असं समजून बंद होतात. घेतल्यावर एक रात्र चालवून पाहायची, आणि आठवड्यातून एकदा यंत्राची वायर मुद्दाम काढून उशी थरथरते का ते बघायचं.

उशी थरथरली की काय करायचं, तेही आधी ठरलेलं असावं. आकडा खोलीचा असतो, बाळाचा नव्हे. मच्छरदाणीच्या आत वारा कमी लागतो, अंगावर किती कपडे आहेत हे सेन्सरला कळत नाही. अंधारातच मच्छरदाणीतून हात घालून बाळाच्या मानेला मागून किंवा छातीला स्पर्श करायचा. हातपाय गार असले तर ते तान्ह्या बाळांत नेहमीचंच, त्यावरून ठरवायचं नाही. मान घामेजलेली असेल तर वरचं दुपटं काढायचं आणि खिडकी उघडायची. अंग कढत वाटलं, तर थर्मामीटर लावायचा, आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ताप ३८ अंश किंवा त्याहून जास्त भरला तर सकाळची वाट न पाहता डॉक्टर गाठायचे.