एसजीपीटीच्या नळीतली दोन विकरं : पिंग-पाँग आणि क्रमिक पद्धत कशी ओळखायची?



कावीळ झाली की डॉक्टर एसजीपीटी तपासायला सांगतात. सोलापुरातल्या कुठल्याही लॅबच्या रिपोर्टवर ही ओळ दिसते. बारावीनंतर जीवरसायनशास्त्र घेतलेल्या मुलांना दोन सबस्ट्रेटच्या विकरांचा पाठ फार रुक्ष वाटतो. पण या एका तपासणीत, एकाच नळीत, दोन्ही पद्धतींची विकरं शेजारी शेजारी काम करतात. म्हणून पाठ तिथूनच सुरू करू या.

नळीत काय घडतं?

एसजीपीटी हे यकृताच्या पेशींतलं विकर. पेशींना इजा झाली की ते रक्तात जास्त उतरतं. ते अ‍ॅलनिन या अमिनो आम्लाचा अमिनो गट काढून २-ऑक्सोग्लुटारेटला देतं. अ‍ॅलनिनचं पायरुवेट होतं आणि ऑक्सोग्लुटारेटचं ग्लुटामेट होतं.

पायरुवेट थेट मोजणं अवघड, म्हणून किटमध्ये दुसरं विकर मुद्दाम घातलेलं असतं : लॅक्टेट डिहायड्रोजिनेज, म्हणजे एलडीएच. ते एनएडीएच वापरून पायरुवेटचं लॅक्टेट करतं. एनएडीएच ३४० नॅनोमीटरचा प्रकाश शोषतं. ते संपत जातं तसं शोषण कमी होतं, आणि त्या घटीच्या वेगावरून यंत्र एसजीपीटीचा आकडा काढतं.

दोन्ही विकरांना दोन-दोन सबस्ट्रेट लागतात. पण घेण्याची रीत अगदी वेगळी आहे.

डबा ठेवून जाणारा आणि दस्त नोंदवणारे

एसजीपीटीची रीत अशी : अ‍ॅलनिन येतं, आपला अमिनो गट विकरातल्या पायरिडॉक्सल फॉस्फेटवर ठेवतं आणि पायरुवेट होऊन निघून जातं. मग ऑक्सोग्लुटारेट येतं आणि तो गट उचलतं. जणू एकाने दुकानाच्या फळीवर डबा ठेवला आणि तो गेला. दुसऱ्याने नंतर येऊन उचलला. दोघांची भेट होतच नाही. डब्ल्यू. डब्ल्यू. क्लेलंड यांनी १९६३ साली या रीतीला पिंग-पाँग हे नाव दिलं.

एलडीएचचं तसं नाही. आधी एनएडीएच बसतं, मग पायरुवेट येतं. दोघं एकाच वेळी हजर असतील तरच काम होतं. घराचा दस्त नोंदवायला विकणारा आणि घेणारा दोघंही टेबलासमोर लागतात, तसं. हीच क्रमिक पद्धत.

१/वेग म्हणजे वेळ

विद्यार्थी इथे अडखळतात, कारण आपण त्यांना थेट १/वेग विरुद्ध १/संहती असा आलेख काढायला लावतो. त्याआधी एवढंच सांगावं : १/वेग म्हणजे एक फेरी पूर्ण व्हायला लागणारी सरासरी वेळ. मग सगळं सोपं होतं.

पिंग-पाँगमध्ये ही वेळ तीन तुकड्यांची असते : प्रत्यक्ष कामाची वेळ, 'अ'ची वाट पाहण्याची वेळ आणि 'ब'ची वाट पाहण्याची वेळ. संहती दुप्पट केली की वाट निम्मी होते. सोयीसाठी आपण आकडे मनाने घेऊ (वेळ मिलिसेकंदात) :

वेळ = १० + २०/अ + १०/ब

| | अ = १ | अ = २ | अ = ४ |
|---|---|---|---|
| ब = १ | ४० | ३० | २५ |
| ब = ०.५ | ५० | ४० | ३५ |

खालची ओळ वरच्या ओळीपेक्षा प्रत्येक ठिकाणी बरोबर १० ने जास्त आहे. म्हणजेच आलेखावर दोन समांतर रेषा. 'ब' उशिरा आला तरी 'अ'चं काम केव्हाच होऊन गेलेलं असतं, डबा फळीवर सुरक्षित असतो.

क्रमिक पद्धतीत एक अडचण वाढते. विकणारा येऊन बसला, पण घेणारा आलाच नाही, तर विकणारा कंटाळून घरी जातो. मग त्याचीच पुन्हा वाट पाहायची! 'ब' जितका कमी, तितक्या वेळा 'अ' उठून जाणार. आणि प्रत्येक वेळी नवा 'अ' यायला 'अ'च्या संहतीनुसार वेळ लागणार. म्हणून चौथा तुकडा येतो, ज्यात दोघंही एकत्र आहेत :

वेळ = १० + २०/अ + १०/ब + २०/(अ × ब)

| | अ = १ | अ = २ | अ = ४ |
|---|---|---|---|
| ब = १ | ६० | ४० | ३० |
| ब = ०.५ | ९० | ६० | ४५ |

आता फरक बघा : ३०, २०, १५. 'अ' कमी असेल तिथे 'ब'च्या टंचाईचा फटका जास्त. रेषांचा चढ वेगळा होतो आणि त्या मागे वाढवल्या की उभ्या अक्षाच्या डावीकडे एकमेकींना छेदतात.

सुरुवातीचाच वेग का?

डबा ठेवून गेलेला माणूस परत येऊन डबा नेऊ शकतो. पायरुवेट नळीत साठलं तर ते विकरावरचा अमिनो गट उचलून पुन्हा अ‍ॅलनिन होतं. मग पिंग-पाँगमध्येही दोन वाटा एकमेकींत गुंततात आणि समांतर रेषा छेदू लागतात. म्हणून उत्पादन नगण्य असतानाच वेग मोजायचा. एसजीपीटीच्या नळीत हे काम एलडीएच आपोआप करतं : पायरुवेट तयार होताच ते संपवतं.

कुठे फसगत होते?

पहिली फसगत : वरच्या चौथ्या तुकड्यात २० च्या जागी १ असेल, म्हणजे 'अ' एकदा बसला की क्वचितच उठत असेल, तर फरक ११, १०.५ आणि १०.२५ येतील. चाळीसच्या आसपासच्या मोजमापात पाच टक्के चूक म्हणजेच २. एवढ्या चुकीत या रेषा समांतरच वाटणार. 'ब' खूप जास्त ठेवला तरी चौथा तुकडा दिसेनासा होतो. त्यामुळे दोन्ही सबस्ट्रेट कमी असतील अशा ठिकाणीही मोजमाप हवंच. छेदणाऱ्या रेषा दिसल्या तर पुरावा भक्कम. समांतर दिसल्या तर तो फक्त संशय.

मग खात्री कशी करायची? 'ब' अजिबात न घालता, भरपूर विकर आणि फक्त 'अ' घ्यायचं. पहिलं उत्पादन सुटलं आणि विकराचं रूप बदललं, तर पिंग-पाँग. एसजीपीटीचं भावंड एसजीओटी. त्याला फक्त अमिनो आम्ल दिलं, तर आम्लारिधर्मी द्रावणात त्याचं शोषण सुमारे ३६० वरून ३३० नॅनोमीटरकडे सरकतं. डबा फळीवर आल्याचं हे चिन्ह.

दुसरी फसगत : पिंग-पाँगमध्ये 'ब' फार झाला तर तो रिकाम्या फळीसमोर गर्दी करतो आणि 'अ'ला वाट मिळत नाही. वेग वाढायच्या ऐवजी घटतो. एसजीपीटीच्या आंतरराष्ट्रीय प्रमाण पद्धतीत अ‍ॅलनिन ५०० मिलिमोल प्रति लिटर, पण ऑक्सोग्लुटारेट फक्त १५ असतं. जास्त ऑक्सोग्लुटारेट या विकराला असंच अडवतं, हे त्यामागचं एक कारण आहे.

आणखी एक मर्यादा. छेदणाऱ्या रेषांवरून 'क्रमिक' एवढंच कळतं. आधी कोण बसतं, की कुणीही आधी बसलं तरी चालतं, हे या आलेखावरून ठरत नाही. त्यासाठी उत्पादनं घालून वेगळे प्रयोग करावे लागतात.

वर्गात करून पाहा : दोन्ही तक्ते फळ्यावर लिहा, सूत्रं झाका आणि मुलांना फक्त वरच्या-खालच्या ओळींतला फरक काढायला सांगा. फरक सारखा राहिला की बदलला, यावरून कोणत्या विकरात दोन पाहुण्यांची भेट झाली, हे तीच सांगतील.