वॉर्ड पुन्हा खुला झाला, मग महिला निवडून आल्या का? मुंबईतल्या सोडतीने दिलेलं उत्तर

महापालिकेच्या निवडणुका जवळ आल्या की वॉर्डांची आरक्षण सोडत निघते. वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला की इच्छुक पुरुषांची पंचाईत होते आणि 'आरक्षण गेलं की बाईही जाणार' अशी कुजबुज सुरू होते. हे खरं आहे का? रिखिल भवनानी या राज्यशास्त्राच्या अभ्यासकाने हाच प्रश्न मुंबईत तपासला. त्यांचा अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला.

साधी तुलना का चालत नाही?

समजा, काही वॉर्डांत महिला वारंवार निवडून येतात आणि काही वॉर्डांत कधीच नाही. पहिल्या वॉर्डांत आधी महिला नगरसेविका होत्या, म्हणून पुन्हा महिला जिंकल्या, असं म्हणता येईल का? नाही. कदाचित तिथले मतदार आधीपासूनच महिलांना मत देणारे असतील. कदाचित तिथे एखाद्या पक्षाची महिला आघाडी मजबूत असेल. म्हणजे दोन्ही गोष्टींमागे तिसरंच कारण असू शकतं. दोन गोष्टी सोबत दिसणं म्हणजे सहसंबंध. एकीमुळे दुसरी घडणं म्हणजे कार्यकारणभाव. गल्लत होते ती इथेच.

सोडत मदतीला आली

मुंबईत साधारण एक तृतीयांश वॉर्ड महिलांसाठी राखीव होते आणि ते कोणते, हे नशिबावर ठरत होतं. चिठ्ठीला वॉर्डातले मतदार पुरोगामी आहेत की नाहीत, हे माहीत नसतं. त्यामुळे राखीव झालेले आणि न झालेले वॉर्ड सरासरीने सारखेच असतात. फरक फक्त आरक्षणाचा.

भवनानी यांनी 2002 च्या निवडणुकीत खुले असलेले वॉर्ड घेतले आणि त्यांचे दोन गट केले. पहिल्या गटातले 37 वॉर्ड 1997 मध्ये महिलांसाठी राखीव होते. दुसऱ्या गटातले 81 वॉर्ड तेव्हाही खुलेच होते. 2002 मध्ये पहिल्या गटात 8 ठिकाणी महिला जिंकल्या, म्हणजे सुमारे 22 टक्के. दुसऱ्या गटात फक्त 3 ठिकाणी, म्हणजे 4 टक्क्यांहूनही कमी. एकदा आरक्षण येऊन गेलेल्या वॉर्डात महिला जिंकण्याची शक्यता पाच पटीहून जास्त निघाली.

कारणं दोन दिसली. आरक्षणामुळे निवडणूक जिंकू शकतील अशा महिला राजकारणात आल्या. शिवाय महिला उमेदवार जिंकू शकते, हे पक्षांना कळलं.

इथे अभ्यासकाने स्वतः काहीच बदललं नव्हतं. सोडत सरकारी नियमाने झाली, त्यांनी तिचा फक्त उपयोग केला. याला 'नैसर्गिक प्रयोग' म्हणतात.

मग 'क्षेत्रीय प्रयोग' म्हणजे काय?

यात चिठ्ठी अभ्यासकच काढतो. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात 2006 च्या प्राथमिक निवडणुकीआधी गर्बर, ग्रीन आणि लॅरिमर यांनी सुमारे 1 लाख 80 हजार घरं निवडली. काही घरांना पत्रं गेली, बाकीच्यांना काहीच नाही. कोणाला कोणतं पत्र, हे नशिबावर ठरलं. एका पत्रात तुम्ही आणि तुमच्या शेजाऱ्यांनी मागच्या वेळी मतदान केलं की नाही, याची यादीच होती! निवडणुकीनंतर पुन्हा यादी पाठवू, असंही त्यात लिहिलं होतं. पत्र न मिळालेल्यांमध्ये 29.7 टक्के मतदान झालं, तर हे पत्र मिळालेल्यांमध्ये 37.8 टक्के. घरं चिठ्ठीने वाटलेली असल्यामुळे हा सुमारे 8 टक्केबिंदूंचा फरक पत्राचाच, असं म्हणता येतं.

मर्यादा कुठे?

क्षेत्रीय प्रयोगात सूत्रं अभ्यासकाच्या हातात असतात, पण प्रत्येक गोष्टीवर प्रयोग करता येत नाही. संशोधनासाठी कोणी वॉर्ड राखीव करू शकत नाही.

नैसर्गिक प्रयोगात वेगळा धोका असतो. वाटप खरंच नशिबावर झालं होतं का? ते ओळखायची एक सोपी खूण आहे. आरक्षणाच्या आधीची आकडेवारी पाहायची. मतदारसंख्या, आधीचं मतदान, उमेदवारांची संख्या या बाबतीत दोन्ही गट आधीच फार वेगळे दिसले, तर सोडतीवर किंवा गटांवर शंका घ्यायला जागा आहे.

आणि आकडा छोटा असेल तर जपून. 37 पैकी 8 वॉर्ड म्हणजे दोन-तीन निकाल इकडे-तिकडे झाले तरी टक्केवारी बरीच हलते. शिवाय हे उत्तर मुंबईचं आहे. एखाद्या गावच्या ग्रामपंचायतीत तेच घडेल, असं या अभ्यासावरून म्हणता येत नाही.

तेव्हा 'अमुक योजनेमुळे मतं वाढली' अशी पोस्ट पुढच्या वेळी दिसली, तर एवढंच विचारा: योजना कोणाला मिळाली, हे कोणी आणि कसं ठरवलं? जिथे मतं मिळणारच होती तिथेच ती दिली असेल, तर त्या आकड्यावरून योजनेचा परिणाम कळत नाही.