मुद्दाम डळमळणारे ठोके
संगणकाच्या मदरबोर्डवरचा मुख्य क्लॉक सेकंदाला 10 कोटी ठोके देतो. ते अगदी एकसारखे पडले, तर त्यांचा रेडिओ-गोंगाट 100 मेगाहर्ट्झवर आणि त्याच्या पटींवर सुळक्यासारखा उभा राहतो आणि उत्सर्जनाच्या चाचणीत बोर्ड अडकू शकतो. म्हणून ही वारंवारता 99.5 ते 100 मेगाहर्ट्झच्या दरम्यान, सेकंदाला सुमारे 30 हजार वेळा, खालीवर करतात. ऊर्जा तेवढीच राहते, फक्त पसरते. मला तरी ही मापनयंत्राला दिलेली हुलकावणीच वाटते.

किंमत वेळेत मोजावी लागते. सरासरी 99.75 वर येते. हेच ठोके 100 चे समजून मोजणारं घड्याळ दिवसाला 216 सेकंद मागे पडेल. म्हणून तारीख-वेळ वेगळ्या क्रिस्टलवर चालते. बायोसमध्ये 99.75 दिसलं, तर बोर्ड बिघडला असं समजू नका.