आरडीच्या मुदतीअखेर हातात किती येणार?

आवर्ती ठेव, म्हणजे बोलीभाषेतली आरडी, हे दिसायला एक खाते असते. हिशेबाच्या दृष्टीने मात्र तो अनेक छोट्या मुदत ठेवींचा जुडगा असतो. दरमहा भरलेला प्रत्येक हप्ता ही एक स्वतंत्र ठेव असते आणि तो ज्या दिवशी जमा होतो त्या दिवसापासून मुदतपूर्तीपर्यंतच त्यावर व्याज मिळते. हे लक्षात घेतले नाही, तर पहिलीच अपेक्षा चुकते. दरमहा ५,००० रुपये वर्षभर भरले, दर ६ टक्के, म्हणजे ६०,००० वर ३,६०० रुपये व्याज, असे अनेकजण गृहीत धरतात. पण पहिला हप्ता बारा महिने राहतो आणि शेवटचा जेमतेम एक महिना. सरासरी काढली तर पैसे साडेसहा महिनेच बँकेत असतात, त्यामुळे व्याज दोन हजारांच्या आतबाहेर येते.

उदाहरण म्हणून ५ एप्रिल २०२४ रोजी उघडलेले असे खाते घेऊ. दर महिन्याच्या ५ तारखेला हप्ता आणि मुदतपूर्ती ५ एप्रिल २०२५ ला. बँका आरडीवर साधारणपणे तिमाही चक्रवाढ देतात, म्हणजे वार्षिक ६ टक्क्यांचे दर तिमाहीला दीड टक्का होतात आणि तिमाही संपली की जमलेले व्याज मुद्दलात मिळते.

हे कागदावर मांडणे सोपे आहे. पहिल्या तिमाहीत तीन हप्ते अनुक्रमे तीन, दोन आणि एक महिना राहतात. एका हप्त्याचे एका महिन्याचे व्याज २५ रुपये, म्हणून सहा महिन्यांचे १५०. तिमाहीअखेर शिल्लक १५,१५० होते. दुसऱ्या तिमाहीत या शिलकीवर दीड टक्का, म्हणजे २२७.२५, आणि नव्या तीन हप्त्यांचे पुन्हा १५०. शिल्लक ३०,५२७.२५. याच रीतीने तिसऱ्या तिमाहीअखेर ४६,१३५.१६ आणि वर्षाअखेर ६१,९७७.१९ रुपये होतात. बँकांच्या तक्त्यांमागचे सूत्र तिमाहीच्या आतल्या महिन्यांनाही चक्रवाढीच्याच प्रमाणात धरते, त्यामुळे तिथे ६१,९७६.१७ येतात. फरक एका रुपयाचा आहे आणि त्यात कुणाचीही चूक नाही.

या दोन्ही हिशेबांत सगळे महिने सारखे धरलेले आहेत. प्रत्यक्षात मे ३१ दिवसांचा असतो आणि २०२५ चा फेब्रुवारी २८ चा. खऱ्या तारखा घ्यायच्या तर प्रत्येक हप्त्याचे मुदतपूर्तीपर्यंतचे दिवस मोजावे लागतात. ५ एप्रिलच्या हप्त्याचे ३६५, ५ मेच्या हप्त्याचे ३३५, असे करत ५ मार्चच्या हप्त्याचे ३१. स्प्रेडशीटमध्ये A स्तंभात हप्ते भरल्याच्या तारखा आणि D1 मध्ये मुदतपूर्तीची तारीख लिहिली, तर एका हप्त्याची वाढलेली किंमत या सूत्राने निघते:

```
=5000*(1+6%/4)^(4*($D$1-A2)/365)
```

सूत्र बाराही ओळींत उतरवून बेरीज केली की ६१,९७१.६० रुपये येतात. तक्त्यापेक्षा साडेचार रुपये कमी, कारण बारा हप्त्यांचे मिळून दिवस २,३६७ भरतात, तर सारखे महिने धरल्यास ते २,३७२.५ होतात.

दिवसांच्या हिशेबाचा खरा उपयोग हप्ता चुकल्यावर कळतो. समजा ५ सप्टेंबरचा हप्ता ५ ऑक्टोबरला, पुढच्या हप्त्याबरोबर भरला. त्याचे २१२ दिवस १८२ वर येतात आणि मुदतीअखेरची रक्कम सुमारे २५ रुपयांनी घटते. दंड मात्र याहून जड असू शकतो. शंभर रुपयांमागे महिना दीड रुपया असा नियम असेल, तर याच एका हप्त्यावर ७५ रुपये जातात. काही ठिकाणी ठरलेली रक्कम पूर्ण देऊन त्यातून दंड कापतात, काही ठिकाणी व्याज प्रत्यक्ष तारखेपासून धरतात, तर काही ठिकाणी मुदतपूर्तीच पुढे ढकलली जाते. यांपैकी काय लागू आहे, हे खाते उघडताना मिळालेल्या अटींतच सापडते आणि हिशेबाला बसण्याआधी त्या अटी वाचणे गरजेचे आहे.

दर कोणता धरायचा, यातही गफलत होते. बँकेने नंतर दर बदलले तरी आरडीला खाते उघडताना लागू झालेलाच दर मुदतभर चालतो, म्हणून आजच्या फलकावरचा दर न घेता आरडीच्या पावतीवरचा घ्यावा. वरच्या उदाहरणात पाव टक्क्याचा फरक सुमारे ८० रुपयांचा पडतो. आपला आणि बँकेचा आकडा चार-पाच रुपयांनी वेगळा आला, तर कारण बहुधा महिने की दिवस हेच असते. तफावत ७०-८० रुपयांची असेल, तर ती दंडाचीही असू शकते आणि दराचीही. खात्याच्या उताऱ्यात दंडाची नोंद वेगळी दिसते, म्हणून आधी ती शोधावी आणि न सापडल्यास पावतीवरचा दर पुन्हा पाहावा.