हवा तो नव्हे, पण निर्णय तरी

फेरफार नोंदीला एका वारसाने हरकत घेतली. तहसीलदारांसमोर सुनावणी झाली, दोन्ही बाजूंचे लेखी म्हणणे आले आणि प्रकरण 'निकालावर बंद' झाले. त्यानंतर दीड वर्ष गेले तरी निकाल नाही. गावोगाव दिसणारे हे चित्र. अपील करावे तर आदेशच हातात नाही.

अशा वेळी संविधानाच्या अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करून परमादेश, म्हणजेच मॅन्डॅमस, मागता येतो. मात्र मागणी मोजून करावी लागते. 'माझे नाव सातबाऱ्यावर लावा' असे मागितले, तर न्यायालय सहसा त्यात शिरत नाही, कारण ते ठरवण्याचा अधिकार कायद्याने तहसीलदाराला दिला आहे. 'अमुक आठवड्यांत निर्णय द्या' ही मागणी टिकते.

उशीर झाला हे ठरवायचे कशावरून? महाराष्ट्राच्या 2005 च्या विलंब प्रतिबंधक कायद्यानुसार फाईल एका कर्मचाऱ्याकडे साधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. परंतु अर्धन्यायिक प्रकरणांना ही मुदत लागू नाही, आणि अनेकांची याचिका इथेच चुकीच्या पायावर उभी राहते. आपल्या उदाहरणात आधार आहे तो जमीन महसूल संहितेच्या कलम 150 चा. विवादग्रस्त नोंदी शक्यतो एका वर्षात निकाली काढाव्यात, असे ते सांगते. 'शक्यतो' या शब्दामुळे मुदत लवचीक होते खरी, पण सुनावणी संपूनही कागद पडून राहिला असेल तर त्याचे कारण कार्यालयाला सांगावेच लागते.

म्हणून रोजनाम्याची प्रमाणित नक्कल काढावी. प्रकरण निकालावर बंद झाल्याची तारीख त्यातच सापडते. मग निर्णयाची लेखी मागणी करून पोच घ्यावी. आधी मागणी आणि मग नकार, ही परमादेशाची सर्वसाधारण अट सर्वोच्च न्यायालयाने 1974 मध्ये सरस्वती इंडस्ट्रियल सिंडिकेटच्या प्रकरणात सांगितली आहे. मागणी करूनही कार्यालय गप्प राहिले, तर त्या मौनावर बोट ठेवता येते. हरकत घेणाऱ्या वारसालाही प्रतिवादी करावे. त्याला वगळून मिळवलेला आदेश पुढे अडचणीत येतो.

जुने, मेलेले दावे मात्र या वाटेने जिवंत होत नाहीत. सी. जेकब प्रकरणात 1982 मध्ये नोकरी गेलेल्या कर्मचाऱ्याने सुमारे अठरा वर्षांनी निवेदन दिले होते. अशा निवेदनावर 'विचार करा' असा आदेश मिळाला म्हणून हक्क नव्याने सुरू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये बजावले.

न्यायालयाने दिलेली मुदत आदेशाच्या तारखेपासून धरायची की प्रत पोहोचल्यापासून, हे आदेशात वाचावे आणि प्रत लगेच पोच घेऊन द्यावी. मुदत उलटूनही निर्णय आला नाही, तर अवमान याचिका एका वर्षाच्या आत करावी लागते. निर्णय विरोधात गेला, तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करता येते.